‘काय झाडी, काय डोंगार’वर सेमिनार पेपर लिहिताना

एम.ए.च्या शेवटच्या सेमला आम्हाला एक सेमिनार पेपर द्यायचा असतो. मी मीम्स घेणार म्हटल्यावर सरांचा चेहराच पडला. म्हणाले, ‘अगं दरवर्षी कोणीतरी मीम्स घेतं आणि दरवर्षी तोच पेपर येतो. १९७६ साली डॉकिन्सने हा शब्द काढला, मग दहा चित्रं चिकटवायची, प्रत्येकाखाली लिहायचं की यातून समाजाचं प्रतिबिंब दिसतं, झाला पेपर. तुला घ्यायचंच असेल तर एकच वाक्य घे आणि ते कुठून निघालं, कुठे कुठे गेलं, प्रत्येक ठिकाणी कोणावर हसलं ते दाखव.’

ठाण्यात राहून एक वाक्य निवडायचं तर फार शोधावं लागत नाही. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदेंबरोबर शिवसेनेचे आमदार आधी सुरतला आणि मग गुवाहाटीला गेले, इकडे सरकार राहतंय की पडतंय म्हणून चोवीस तास टीव्ही चालू, आणि त्यातच सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी झालेलं फोनवरचं बोलणं बाहेर आलं. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, सगळं एकदम ओक्केमध्ये. दोन दिवसांत ते प्रत्येकाच्या फोनमध्ये होतं. २९ जूनला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, ३० जूनला शिंदेंनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, पण वाक्य काही थांबलं नाही, ते लग्नाच्या डीजेवर गेलं, ट्रेकच्या फोटोंखाली गेलं, हॉस्टेलच्या मेसच्या डब्यावर गेलं. ऑगस्टमध्ये पावसाळी अधिवेशनात विरोधक विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ओरडायला लागले, म्हणजे ओके तेच पण आता पैशाचा आरोप घेऊन आलेलं. शिंदे गटाने तो आरोप नेहमीच नाकारला, पण मीमवाल्यांना दोन्ही ओके आयते मिळाले.

गोळा करायला सोपं वाटतं पण तसं नाहीये. माझ्याकडे सोसायटीचे, कॉलेजचे, नातेवाईकांचे ग्रुप होते, जुन्या चॅटमध्ये सर्च मारून आणि मैत्रिणींकडून मागून साठेक चित्रं जमली. त्यात खूपशी तीच तीच, फक्त क्रॉप केलेली किंवा वर दुसऱ्याच पेजचं नाव छापलेली. सरांनी सांगितलं की प्रत्येक चित्राला आधी ‘वय’ दे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत कॅमेऱ्याची माहिती, तारीख, जागा काही उरत नाही, ती पाठवतानाच निघून जाते, त्यामुळे तुमच्याकडे असते ती फक्त तुम्हाला कधी मिळालं ती तारीख. बाकी सगळं चित्रातूनच काढायचं. किती वेळा सेव्ह होऊन फुटलंय, कोपऱ्यात एकावर एक किती पेजची नावं चढलीयत, आणि दुहेरी बाणाचं ‘खूप वेळा फॉरवर्ड केलेलं’ लेबल आहे का, जे पाच किंवा जास्त हात फिरल्यावरच लागतं. म्हणजे ते लेबल असेल तर मला पाठवणारी काकू ही त्या मीमची लेखिका नाही एवढं तरी नक्की कळतं. हे हास्यास्पद वाटेल पण पेपरमध्ये ‘अमुक व्यक्ती असं म्हणते’ लिहिण्याआधी हे लागतंच, कारण मीमला लेखक नसतो, वाटेत भेटलेले लोक असतात.

शेवटी चाळीस ठेवली, आणि त्यातलं एक मी पेपरभर पुरवलं. तेच इथे सांगते.

चित्र असं. घोडबंदर रोड, पाऊस पडून गेलेला, पाण्याने भरलेले खड्डे, त्यातून वाकडी होऊन चाललेली रिक्षा, मागे ट्रकांची न संपणारी रांग. वर पांढऱ्या जाड अक्षरात: ‘काय ते खड्डे, काय तो चिखल, काय ती ट्रकची लाईन’. खाली: ‘समदं ओक्केमदी हाय’. कोणाचं नाव नाही, पक्ष नाही, चिन्ह नाही, चेहरा नाही. मला ते जुलै २०२२ च्या मध्याला सोसायटीच्या ग्रुपवर आलं आणि ग्रुपचा नियम असा की राजकीय पोस्ट टाकायची नाही. ते टाकणाऱ्या काकांना कोणी काही बोललं नाही, उलट सगळ्यांनी हसायचे इमोजी टाकले. माझा पेपरचा प्रश्न तिथेच तयार झाला. हे राजकीय आहे की नाही, आणि असलं तर चित्रात नक्की कुठे आहे?

आधी फोटो. गुगल लेन्सवर टाकला तर तोच रस्ता त्याच कोनातून एका जुन्या बातमीत सापडला, बातमी आधीच्या एका पावसाळ्यातली. म्हणजे फोटो वाक्यापेक्षा जुना आहे. कोणीतरी हातातला जुना खड्डा घेतला आणि त्याला नवं वाक्य लावलं. आता ‘फोटो खोटा आहे’ म्हणून सोडून देणारे असतात, पण पेपरच्या दृष्टीने हीच कामाची गोष्ट, कारण यातून कळतं की चित्र इथे पुरावा म्हणून नाहीच आलेलं. खड्डा कुठल्या वर्षीचा आहे हे बघणाऱ्यालाही नकोय, त्याला खड्डा म्हणजे दरवर्षीचाच. सगळी नवी माहिती वाक्यात आहे.

मग शिफमन. लिमोर शिफमन यांचं मीम्सवरचं २०१४ चं पुस्तक आमच्या रीडिंग लिस्टवर होतं, त्यातली मांडणी साधी आहे. मीमची नक्कल होताना तीन गोष्टी वेगवेगळ्या नकलल्या जातात: आशय, म्हणजे काय सांगितलंय, रूप, म्हणजे कसं रचलंय, आणि तिसरी ‘स्टान्स’, म्हणजे बोलणारा त्या बोलण्याच्या कुठल्या बाजूला उभा आहे, कुठल्या सुरात बोलतोय. मी त्याला पेपरभर ‘पवित्रा’ म्हटलं. खड्ड्याच्या मीममध्ये रूप तसंच्या तसं उचललंय, काय-काय-काय आणि शेवटी ओक्के. आशय पूर्ण बदलला, डोंगराच्या जागी चिखल. आणि पवित्रा उलटा केला, मूळ बोलणारा खरंच खुश होता, हा खुश असल्याचं नाटक करतोय. बरेच पेपर आशय आणि रूप लिहून थांबतात कारण ते डोळ्यांना दिसतं. पवित्रा दिसत नाही, तो काढावा लागतो.

काढायचा कसा? मॅडमनी एक युक्ती दिली, चिन्हमीमांसावाल्यांची जुनी, ‘बदलून बघ’ चाचणी. एक भाग काढ, त्या जागी दुसरा ठेव, बाकी सगळं तसंच, आणि बघ काय मेलं. मी तोच फोटो घेऊन दोन खोटी मीम्स बनवली, पेपरमध्ये स्पष्ट लिहून की ही माझी आहेत. पहिल्यात खाली लिहिलं, ‘रस्ता आहे की चंद्र?’ हसू आलं, थोडं शिळं, आणि रोख कोणावर तर रस्त्यावर, फार तर कंत्राटदारावर. दुसऱ्यात खड्ड्याच्या तोंडी घातलं, ‘मी पुन्हा येईन!’ आता हसू वेगळंच, कारण खड्डा खरंच दर पावसात पुन्हा येतो, आणि डोक्यात लगेच फडणवीस येतात, २०१९ च्या निवडणुकीआधीचं विधानसभेतलं त्यांचं वाक्य. फोटो तोच, रस्ता तोच, पण वाक्य बदलताच बोट दुसऱ्या माणसाकडे गेलं. आणि पहिल्यात तर ते कोणत्याच नेत्याकडे नव्हतं.

मग मूळ मीमचं बोट कोणाकडे? शहाजीबापूंकडे नाही, घोडबंदरच्या खड्ड्याशी सांगोल्याच्या आमदाराचा काय संबंध. इथे वाचणाऱ्याला तीन गोष्टी आधीच माहीत असाव्या लागतात, की हे वाक्य गुवाहाटीच्या हॉटेलातलं आहे, की त्या हॉटेलातल्या लोकांचा नेता ठाण्याचा आहे, आणि तो तेव्हा नुकताच मुख्यमंत्री झाला होता, त्याआधी अडीच वर्षं नगरविकास मंत्री आणि ठाण्याचा पालकमंत्री होता. या तिन्ही गोष्टी चित्रात कुठेच नाहीत. त्या ठाणेकराच्या डोक्यात आहेत. साहित्याच्या अभ्यासक ज्युलिया क्रिस्तेवाने साठच्या दशकात म्हटलेलं की कुठलाही मजकूर आधीच्या मजकुरांच्या तुकड्यांवर उभा असतो, ते मला इथे पहिल्यांदा नीट दिसलं, कारण ते तुकडे काढून घेतले की उरतो फक्त ओला रस्ता. नागपूरच्या मावशीला तेच पाठवलं तर ती म्हणाली, ‘तुमच्याकडे रस्ते फारच खराब आहेत गं.’ बास. तिला राजकारण दिसलं नाही कारण तिला घोडबंदर कोणाच्या ठाण्यात आहे हे जोडावंसं वाटलंच नाही.

(घोडबंदर रोड एका यंत्रणेचा नाही, त्यामुळे शिव्या नक्की कोणाला द्यायच्या हा स्वतंत्र पेपर होईल. मीमने तो गुंता एका ओक्केत उडवून लावला आणि सरळ वरच्या माणसाकडे गेलं. हे बरोबर की अन्यायाचं यात मी पडले नाही, पण मीम जबाबदारी कशी सोपी करून टाकतं हे दोन ओळीत लिहिलं.)

विनोदाचा भाग यानंतर पटकन लिहून झाला. व्हिक्टर रस्किन यांनी १९८५ साली मांडलेलं आहे की विनोदात एकाच मजकुरात दोन परस्परविरोधी पट, म्हणजे प्रसंगाच्या ओळखीच्या चौकटी, एकावेळी बसतात आणि शेवटी कुठेतरी एकावरून दुसऱ्यावर उडी पडते. मूळ फोनमध्ये पट होते सहल आणि बंड. सरकार पडायला आलंय, समोरचा काळजीने विचारतोय, आणि हा झाडं सांगतोय. कोणी लिहून दिलेला विनोद नाही तो, परिस्थितीनेच केलेला आहे. खड्ड्याच्या मीममध्ये पट आहेत निसर्गवर्णन आणि रोजचा ऑफिसला जायचा छळ. पण मला वाटतं त्याच्या खाली पहिल्या जोडीचा अजून एक थर आहे, तुम्ही हाटिलात, आम्ही चिखलात. ज्याला तो थर लागतो त्याचं हसू थोडं कडू असतं. मी लोकांना मीम दाखवून फक्त ‘कोणावर हसलात?’ एवढंच विचारलं तेव्हा कासारवडवलीहून रोज स्टेशन गाठणारे ‘आमच्याच नशिबावर’ म्हणायचे आणि मग अर्ध्या मिनिटाने हळूच वर बोट दाखवायचे.

आता सगळ्यात डोकं खाल्लं तो भाग. एकटीने लेबलं लावली तर ते माझं मत झालं, म्हणून वर्गातल्या एका मैत्रिणीने आणि मी चाळीसही मीम्स वेगवेगळी बसून तपासली, एकमेकींचं न बघता. प्रत्येकासाठी तीन रकाने, कुठलं वाक्य कुठून उचललंय, कोणावर हसतंय, पवित्रा काय. पहिला रकाना जवळपास पूर्ण जुळला. पवित्र्यात चाळीसपैकी सव्वीसच जुळली. मला आधी वाटलं की हे पेपरमध्ये दाखवायची लाज वाटेल, सर म्हणाले की अगं ती चौदाच तर तुझा पेपर आहे, ती काढून बघ.

काढली तर भांडण बहुतेक एकाच जागी होतं. मैत्रीण मंगळवेढ्याची आहे, सांगोल्याला लागूनच. जी मीम्स मी ‘सत्ताधाऱ्यांची थट्टा’ म्हणून टाकली होती त्यातली बरीच तिने ‘बोलीची थट्टा’ म्हणून टाकलेली. म्हणाली, ‘तू हाटील म्हटल्यावर हसतीयस. आमच्याकडं आजीपासनं सगळी हाटीलच म्हणत्यात. त्यात राजकारण कुठाय? गावाकडचा माणूस मोठ्या हाटिलात गेला, हेच तुम्हाला मजेशीर वाटतंय.’ मी म्हटलं, मग तुमच्याकडे कोणी हसलंच नाही का? तर म्हणे, ‘हसली की! पण आमचा माणूस टीव्हीवर आमच्यासारखा बोलतोय म्हणून हसली. वरातीत लावत्यात ते.’

एकाच वाक्यावर दोन हसू, एक खालच्याला बघून, एक आपल्याला बघून. वरच्याने खालच्याला हसण्याचा जो सिद्धांत विनोदाच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर असतो, तो मी ‘इथे लागू नाही’ म्हणून बाजूला ठेवणार होते, तो असा परत आला. मग आम्ही परत सगळी मीम्स लावली आणि एक खूण सापडली. ज्यांत मजकूर मुद्दाम जास्त ग्रामीण केलाय, जसं खड्ड्याच्या मीममध्ये ‘समदं’ आणि ‘हाय’, तिथे बनवणारा बोलीवरच जोर देतोय. तिथे बोलीची थट्टा आहेच, राजकीय टोला असो वा नसो. ज्यांत फक्त ‘काय... काय... ओक्के’ एवढा साचा आहे आणि बाकी शहरी भाषा, तिथे ती नाही किंवा फारच कमी. म्हणजे माझं लाडकं खड्ड्याचं मीम एकाच वेळी तेव्हाच्या मुख्यमंत्र्याला टोचतं आणि सांगोल्याच्या माणसाच्या तोंडावर हसतं. पेपरमध्ये दोन्ही लिहिलं. पवित्र्याला एकच लेबल लावायचा नियम आम्ही काढून टाकला आणि ‘वर मारतं / खाली मारतं / दोन्ही’ असं केलं, त्यानंतर चाळीसपैकी पस्तीसवर जुळलं. उरलेली पाच तशीच ठेवली, त्यातल्या दोनवर आम्ही आजही भांडतो.

काळाचा एक मुद्दा ‘मी पुन्हा येईन’ने सोपा केला, म्हणून ते वाक्य तुलनेला आत घेतलं. २०१९ मध्ये निवडणुकीआधी ते आत्मविश्वासाचं होतं. २३ नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी आणि तीनच दिवसांत राजीनामा, त्यानंतर ते थट्टेचं झालं. ३० जून २०२२ ला फडणवीस खरंच परत आले पण उपमुख्यमंत्री म्हणून, तेव्हा समर्थक आणि विरोधक दोघांनी तेच वाक्य वापरलं. ५ डिसेंबर २०२४ ला मुख्यमंत्री म्हणून शपथ झाली आणि ज्या वाक्यावर लोक हसत होते तेच समर्थकांचं विजयाचं स्टेटस झालं. अक्षर एक बदललं नाही. म्हणून तारीख नसलेल्या मीमचा राजकीय अर्थ मी लिहिलाच नाही, ती वेगळ्या यादीत टाकली आणि तिथे फक्त साचा कसा चाललाय एवढंच बघितलं.

एक मोह मात्र जबरदस्त होता. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत शहाजीबापू सांगोल्यातून हरले, शेकापचे बाबासाहेब देशमुख निवडून आले. ‘मीममुळे गाजलेला नेता मीमनेच पाडला’ असलं एक वाक्य किती सुंदर बसलं असतं शेवटी. पण माझ्याकडे चाळीस चित्रं होती, मतदार एकही नव्हता. सांगोल्यात लढत कशी होती, मतं कशी फुटली, हे त्या चित्रांतून कळत नाही. मीम लोक काय जोडू शकतात ते दाखवतं, कोणाला मत देतात ते नाही. पेपरच्या मर्यादांत हे सरळ लिहिलं.

नावांचं पण लिहायला हवं. सगळ्या स्क्रीनशॉटमधून पाठवणाऱ्याचं नाव, नंबर, डीपी काढले, ग्रुपचं नावही. काही जणांना हे जास्तच वाटलं. पण २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, एका फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली होती, आणि आयटी कायद्यातल्या ज्या ६६ अ कलमाची त्यामुळे एवढी चर्चा झाली ते सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. कलम गेलं तरी सोसायटीतले काका तिथेच राहतात, त्यांनी काय फॉरवर्ड केलं ते माझ्या पेपरमधून कोणाला कळायची गरज नाही. त्यांना विचारून चित्र घेतलं, ते म्हणाले घे की, मी काय बनवलंय थोडीच.

प्रेझेंटेशनला एफ.वाय.ची मुलंपण बसवली होती. खड्ड्याचं मीम स्क्रीनवर आलं, हसली सगळी. मी विचारलं, हे वाक्य कुठून आलंय? चार-पाच जणांनी फोन कॉल सांगितला, बाकीच्यांना ते रील्सचं ऑडिओ म्हणून माहीत होतं, एकीला वाटलं कुठल्यातरी पिक्चरमधलं असेल. कोणावर हसलात विचारलं तर म्हणाली, ‘खड्ड्यावरच ना?’ सरांनी मागून सांगितलं की हे लिहून घे आणि पेपरला जोड. मग शेवटच्या परिशिष्टात प्रत्येक चित्राखाली मी तीन ओळी टाकल्या, मला कधी मिळालं, त्या आठवड्यात राज्यात काय चाललेलं, आणि हसायला काय माहीत असावं लागतं. तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ गेला.